गार बटर आणि नल्लकुंट्याचा मे महिना

हैदराबादेतल्या कुठल्याही जुन्या बेकरीच्या काचेआड दोन पदार्थ शेजारी शेजारी मांडलेले असतात. एक उस्मानिया बिस्किट आणि दुसरा पफ. दोन्हींत मैदा आणि स्निग्ध पदार्थ हेच मुख्य, तरी एकाचा भुगा होतो आणि दुसऱ्याचे पापुद्रे सुटतात. उस्मानियात बटर किंवा डालडा साखरेबरोबर फेटून मैद्याच्या कणाकणाला माखलेला असतो, म्हणून ते चहात बुडवलं की विरघळतं. पफमध्ये स्निग्धाचा थर मैद्याच्या थरांमध्ये वेगळा ठेवून घड्या घातलेल्या असतात, म्हणून तो चावताना अंगावर सांडतो. शॉर्टक्रस्ट, म्हणजे टार्टचं किंवा पायचं कवच, या दोघांच्या मधोमध बसतं आणि तिथेच त्याची अडचण आहे. त्याला उस्मानियाचा खुसखुशीतपणा हवा आणि पफचे थोडेसे पापुद्रेही हवेत, तेही घड्यांचा तो सगळा खटाटोप न करता. त्याच्या कृतीत तीन सूचना ठरलेल्या असतात: बटर गार ठेवा, पाणी कमीत कमी घाला, लाटण्याआधी गोळा विसावू द्या. या तीन सूचना थंड देशातल्या स्वयंपाकघरांत लिहिल्या गेल्या. नल्लकुंट्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, डोक्यावर तापलेला स्लॅब असलेल्या स्वयंपाकघरात त्या शब्दशः पाळल्या तरी कवच बिघडतं आणि मग दोष मैद्याला, ओटीजीला नाहीतर हाताला दिला जातो. माझं म्हणणं असं आहे की या सूचना तीन नसून एकच आहे. ती नीट समजली तर नल्लकुंट्यात मे महिन्यातही उत्तम कवच होतं. मात्र त्यासाठी मूळ कृतीतली काही पथ्यं सोडावी लागतात आणि एक-दोन तर चक्क उलटी करावी लागतात.

ती एक सूचना म्हणजे मैदा आणि पाणी यांची भेट आपल्या हुकमात ठेवणं. मैद्यात दोन प्रकारची प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं आणि मळणी झाली की त्यांचं ग्लुटेनचं जाळं होतं. पुरणपोळीला तेच जाळं हवं असतं, म्हणून तिची कणीक सैल भिजवून तेल लावून तिंबतात. टार्टच्या कवचाला ते जाळं अगदी थोडं हवं, लाटताना तुटू नये इतपतच. जास्त झालं तर कवच चिवट होतं आणि भाजताना आक्रसतं. स्निग्धाचं काम दुहेरी. काही भाग मैद्याच्या कणांना माखून पाण्यापासून दूर ठेवतो, त्यातून खुसखुशीतपणा येतो. उरलेला भाग छोट्या चपट्या तुकड्यांच्या रूपात मैद्यात तसाच राहतो. ओव्हनमध्ये हे तुकडे वितळतात, तिथे पोकळी उरते, बटरमधल्या पाण्याची वाफ त्या पोकळीला फुगवते आणि तेवढ्या वेळात भोवतालचा मैदा घट्ट होतो. पापुद्रा तयार होतो तो असा. म्हणजे बटरचे तुकडे ओव्हनमध्ये जाईपर्यंत तुकडेच राहिले पाहिजेत. ते आधीच वितळले तर सगळं स्निग्ध कणांना माखण्यात खर्ची पडतं, त्यातलं पाणी मैद्याला मिळतं आणि हातात येतं ते कडक, तेलकट बिस्किट.

आता बटर म्हणजे नेमकं काय, ते पाहू. आपल्याकडच्या नियमांनुसार टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के दुधाचं स्निग्ध असावं लागतं, पाणी जास्तीत जास्त 16 टक्के आणि मीठ 3 टक्क्यांपर्यंत. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पाकिटात सोळा ग्रॅमपर्यंत, जवळजवळ तीन चहाचे चमचे, पाणी आधीच आहे. हे पाणी बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धात कोंडलेलं असतं आणि बटर घट्ट असेपर्यंत मैद्याला सापडत नाही. दुधाचं स्निग्ध पाण्यासारखं एका ठरावीक अंशाला वितळत नाही, ते हळूहळू मऊ होत जातं. फ्रिजमधल्या तापमानाला त्याचा निम्म्याच्या आसपास भाग घन असतो. 20 अंशांना साधारण पाचवा हिस्सा घन उरतो. 35 अंशांना जवळजवळ काहीच उरत नाही. लाटण्याजोगं, म्हणजे न तुटता चपटं होणारं पण न ओघळणारं बटर, साधारण 13 ते 18 अंशांच्या दरम्यान मिळतं. लंडनच्या स्वयंपाकघरात वर्षातले बरेच महिने ही पट्टी ओट्यावरच सापडते. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडं उंच आहे. डिसेंबरच्या पहाटे इथला पारा पंधराच्या आसपास उतरतो, तेव्हा ही पट्टी खिडकीत ठेवलेल्या बटरलाही मिळते. दिवाळीच्या सुमारास रात्री वीसच्या आसपास असतं, म्हणजे काम जेमतेम जमतं. मेमध्ये बाहेर चाळीस आणि घरात चौतीस असताना ती पट्टी फक्त फ्रिजच्या आत असते.

इथेच 'बटर गार ठेवा' ही सूचना अपुरी पडते. समजा, 200 ग्रॅम मैदा आणि 100 ग्रॅम बटर घेतलं. बटर फ्रिजमधलं, 5 अंशांचं. मैदा डब्यातला, म्हणजे खोलीइतका, 34 अंशांचा. मैद्याचं वजन दुप्पट आहे, त्यामुळे त्याच्याकडे उष्णतेचा साठाही मोठा आहे. दोन्ही पदार्थ उष्णता किती धरतात हे लक्षात घेऊन साधा हिशोब केला तर नीट मिसळल्यावर मिश्रण 23 अंशांच्या आसपास स्थिरावतं. प्रत्यक्षात आकडा दोन-तीन अंश खालीही येईल, कारण बटर वितळताना थोडी उष्णता शोषून घेतं. पण ही उष्णता शोषणं म्हणजेच वितळणं, तेव्हा त्या कमी आकड्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. शिवाय बोटांच्या त्वचेची ऊब तिशीच्या वरची, ती या हिशोबात धरलेलीच नाही. उलट हाच मैदा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला असेल तर मिश्रण 5 अंशांपासून सुरू होतं आणि तुकडे मळेपर्यंत दहाच्या आसपास राहतं. म्हणजे आपल्या हवेत गार करायची पहिली वस्तू मैदा आहे, बटर दुसरी. परातही फ्रिजमध्ये ठेवावी, स्टीलची असेल तर पंधरा मिनिटं पुरतात. बर्फाच्या पाण्याने ही कसर भरून निघेल असं पुष्कळांना वाटतं, पण पाणी सगळ्यात शेवटी पडतं आणि चाळीस मिलीच असतं. ते पडेपर्यंत बटर मैद्यात मुरलेलं असतं आणि मुरलेलं बटर पुन्हा गार केल्याने त्याचे तुकडे परत होत नाहीत.

दगडाच्या बाबतीत तर पाश्चात्त्य सल्ला इथे उलटतो. संगमरवरावर लाटा, असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, आणि हैदराबादी घरात संगमरवर नसला तरी कडप्प्याचा ओटा असतोच. दगड हाताला गार लागतो, म्हणून तो बटर गार ठेवेल असं वाटणं साहजिक आहे. पण दगड खोलीपेक्षा थंड नसतो. तो हाताला गार लागतो, कारण हाताची उष्णता तो भराभर ओढून नेतो. अठरा अंशांच्या घरात दगडही अठरा अंशांचा असतो आणि बोटांनी दिलेली ऊब तो खेचून घेतो, म्हणून तिथे तो उपयोगी. चौतीस अंशांच्या घरात कडप्पा चौतीस अंशांचा असतो आणि त्यावर आठ अंशांचा गोळा ठेवला की तो तितक्याच भराभर उष्णता देऊ लागतो. लाकडी पोळपाट उष्णता फार सावकाश पोचवतो, म्हणून उन्हाळ्यात लाकूडच बरं. कडप्प्यावरच लाटायचं असेल तर आधी त्यावर बर्फाचं ताट दहा-पंधरा मिनिटं ठेवावं आणि मग दगड कोरडा पुसून घ्यावा.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शंकरपाळे, करंज्या, चकल्या कडकडीत मोहन घालून केल्या जातात आणि त्या उत्तम खुसखुशीत होतात. मग गार बटरचं हे स्तोम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मोहन मैद्याच्या कणांना माखतं, पाणी मुरू देत नाही, ग्लुटेन आवरतं, आणि तूप किंवा तेल गरम असलं की ते जास्त सारखं पसरतं. खुसखुशीतपणासाठी हा मार्ग चांगलाच आहे. इंग्लंडमध्येही मेल्टन मोब्रेच्या डुकराच्या मांसाच्या पायचं कवच गरम पाणी आणि वितळलेल्या चरबीने मळतात, कारण त्याला पापुद्र्यांपेक्षा उभी भिंत हवी असते. पण मोहनाने पदर सुटत नाहीत. शंकरपाळ्याला पदर हवे असतील तर पोळी लाटून तिची घडी घालून पुन्हा लाटावी लागते, हे करणाऱ्याला ठाऊक असतं. ज्या करंजीला पदर हवेत तिला आपण वेगळा साटा लावतो: तूप हाताने फेसून हलकं करायचं, त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घालायचं, पोळ्यांवर पसरायचं, पोळ्या एकावर एक रचून गुंडाळी करायची, लाट्या कापायच्या. पिठी इथे तुपाला धरून ठेवते, म्हणून साटा ओघळत नाही आणि थर वेगळे राहतात. बटर गार ठेवून जे साधतं तेच साटा पिठीच्या आधाराने साधतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकाला दोन्ही गोष्टी आधीपासून माहीत आहेत, माखणं आणि वेगळं ठेवणं. शॉर्टक्रस्टला दोन्ही एकाच मळणीत करावी लागतात आणि त्यासाठी गारव्याशिवाय दुसरा आधार नाही.

दुसरा आक्षेप बेकरीवाल्याचा. तो म्हणेल, बटरचा हट्ट सोडा, मार्जरिन वापरा, ते चाळीसच्या आसपास तापमानातही घट्ट राहतं. शहरातले पुष्कळसे पफ याच मार्जरिनवर उभे आहेत आणि इथल्या हवेत त्याला पर्याय शोधणं धंद्याच्या दृष्टीने अवघड आहे, हे मान्य करायला हवं. ट्रान्स फॅटची भीतीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2022 च्या जानेवारीपासून तेल आणि स्निग्ध पदार्थांमध्ये ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर असायला बंदी आहे. पण जे मार्जरिन चाळीस अंशांना घट्ट राहतं ते सदतीस अंशांच्या तोंडातही पुरतं वितळत नाही. टाळूवर जो मेणचट थर जाणवतो तो हाच. बटर तोंडात पूर्ण वितळतं, म्हणून त्याची चव मागे रेंगाळत नाही. घरच्या टार्टमध्ये जीव एवढाच, त्यामुळे इथे मी बटरच्या बाजूने आहे. तुपाचा पर्यायही सुचवला जातो, पण तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून पापुद्रे फुगवायला वाफ मिळत नाही. गोठवलेल्या तुपाचं कवच खमंग आणि भुसभुशीत होतं, नानकटाईच्या वळणाचं. घरचं लोणी वापरायचं तर ते गार पाण्यात धुऊन चांगलं दाबून निथळून घ्यावं. त्यात पाणी बाजारच्या बटरपेक्षा जास्त असतं आणि दर वेळी वेगळं, त्यामुळे पुढचा पाण्याचा अंदाज चुकतो. म्हशीच्या दुधाचं लोणी गाईच्या लोण्यापेक्षा थोडं घट्ट राहतं, तेवढी मात्र जमेची बाजू.

पाण्याच्या सूचनेकडे आता वळता येईल. पोळीची कणीक भिजवताना 200 ग्रॅम पिठाला 120 मिलीच्या पुढे पाणी सहज लागतं. इथे 200 ग्रॅम मैद्याला 35 ते 45 मिली, म्हणजे अडीच-तीन मोठे चमचे. कणकेची सवय असलेल्या हाताला हे अशक्य वाटतं आणि चौथा, पाचवा चमचा आपोआप पडतो. पण बटरमधले सोळा ग्रॅम पाणी विसरून चालत नाही. मळताना बटर विरघळलं की तेही मैद्यात उतरतं आणि गोळा अचानक ओलसर, चिकट होतो. गारवा सुटला की पाण्याचं मापही सुटतं, ते असं. म्हणून पाणी मोजून ठेवावं, बर्फ घालून गार करावं आणि आधी दोनच चमचे सगळीकडे शिंपडून काट्याने ढवळावं. मग मूठभर मिश्रण दाबून पाहावं. मूठ उघडल्यावर ते एकसंध राहिलं, पण बोटाने ढकललं की तुटलं, तर पाणी बरोबर. मुठीतच भुगा झाला तर अर्धा चमचा आणखी. पिठाचा गोळा परातीपासून सुटून गुळगुळीत होऊ लागला असेल तर पाणी जास्त झालंय आणि त्याला उपाय नाही. वरून मैदा टाकला तर नुसती मळणी वाढते. परातीच्या तळाशी कोरडे कण राहिले तर घाबरायचं कारण नाही. ते विसाव्यात ओले होतात.

पाणी कमी ठेवायचं तर लाटणं अवघड जातं, हा पेच सोडवण्यासाठी अमेरिकेत एक गंमतीची युक्ती निघाली. 2007 मध्ये 'कुक्स इलस्ट्रेटेड' या मासिकात निम्म्या पाण्याऐवजी व्होडका घालायची कृती आली. मैद्याची प्रथिनं अल्कोहोलमध्ये जाळं करत नाहीत, त्यामुळे पीठ ओलसर आणि लाटायला सोपं होतं, तरी चिवट होत नाही, आणि बहुतेक अल्कोहोल ओव्हनमध्ये उडून जातं. युक्ती खरी आहे, पण तिची गरज मला पटत नाही. कमी पाण्यातही पीठ लाटता येतं, फक्त ते पाणी सगळीकडे पोचायला वेळ द्यावा लागतो. विसावा त्यासाठीच असतो.

विसावा म्हणजे आळस, अशी घाईतल्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात त्या तासाभरात तीन गोष्टी घडतात. पाणी ओल्या जागांकडून कोरड्या जागांकडे सरकतं, म्हणून तासापूर्वी तुटणारा गोळा आता वाकतो. मळताना ताणलेलं ग्लुटेन सैलावतं. आणि मऊ पडलेलं बटर पुन्हा घट्ट होतं. पहिल्या दोन गोष्टी ओट्यावरही होतील. करंजीचं पीठ दूध घालून भिजवलं की आपण ते ओल्या फडक्याखाली ओट्यावरच ठेवतो. पण तिसरी गोष्ट मेमध्ये ओट्यावर होत नाही, उलट बिघडते. म्हणून विसावा फ्रिजमध्येच. त्यातही गोळ्याचा आकार महत्त्वाचा आहे. चेंडूसारखा गोळा ठेवला तर तासाभरानेही त्याचा गाभा मऊ राहतो आणि कडा दगड होतात. हाताने दाबून अडीच सेंटिमीटर जाडीची चकती करावी आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळावी. हैदराबादचा उन्हाळा कोरडा असतो, फ्रिजमधली हवाही कोरडी, आणि उघड्या पिठावर पाच-दहा मिनिटांत साल धरते. ही साल लाटताना भेगाळते आणि भाजल्यावर तोंडात टोचते. विसावा पुरला की नाही हे लाटताना कळतं. लाटणं उचलल्यावर कड मागे सरकत असेल तर पीठ अजून ताठलेलं आहे. ते जबरदस्तीने पसरलं तर लाटताना पसरेल, पण ओव्हनमध्ये सूड उगवेल आणि भिंत साच्यात घसरेल. त्याला पुन्हा वीस मिनिटं आत ठेवावं.

एक कवच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. भरणासाठी खुबानी घेऊ, कारण हैदराबादेत खुबानीचा मीठा घरोघरी होतो आणि घट्ट आटवलेली खुबानी टार्टमध्ये फार छान बसते. 22 सेंटिमीटरच्या, तळ सुटणाऱ्या साच्यासाठी 200 ग्रॅम मैदा रात्री फ्रिजमध्ये ठेवावा आणि 100 ग्रॅमचं मिठाचं बटर फ्रीजरमध्ये. बटरमध्ये मीठ आहे, म्हणून वरून घालू नये. साखर हवी असेल तर एक मोठा चमचा पिठीसाखर पुरे. मैदा गार परातीत घेऊन त्यात गोठलेलं बटर मोठ्या भोकाच्या किसणीवर सरळ किसावं. किसणीवर बोटांचा बटरशी संबंध येतो तो फक्त वेष्टणातून, हा तिचा मोठा फायदा. कीस पडेल तसा तो मैद्यात घोळवत जावा, नाहीतर त्याचा गठ्ठा होतो. मग बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, निम्मा कीस मैद्यात चुरडावा. तो रव्यासारखा दिसू लागला की थांबावं. उरलेला निम्मा कीस हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चपट्या तुकड्यांत दिसला पाहिजे. खुसखुशीतपणाची वाटणी इथे ठरते: सगळं चुरडलं तर उस्मानियाच्या जवळ जाल, सगळं सोडलं तर कवच जागोजाग तुटेल. भरण ओलं असेल, जसं खुबानीचं आहे, तर थोडं जास्त चुरडलेलं बरं, कारण माखलेले कण रस कमी पितात.

पाणी वर सांगितल्याप्रमाणे घालून मिश्रण मळू नये, नुसतं गोळा करून दाबावं. मग पोळपाटावर हलकंच आयताकृती लाटून तीन पदरी घडी घालावी, घडीची पोळी करताना घालतो तशी, आणि त्यावरून एकदाच लाटणं फिरवावं. या एका घडीने चपटे तुकडे एकावर एक येतात आणि पापुद्रे दिसण्याइतके वाढतात. दुसऱ्या घडीचा मोह टाळावा. मेमध्ये तेवढ्यात बटर मऊ होतं आणि मिळवलेलं जातं. चकती करून तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती दगडासारखी असेल तर लाटण्याने चारदोन वेळा हलकं ठोकावं आणि पाच मिनिटं थांबावं. कडेला भेगा पडल्या तर आधी बोट लावून पाहावं: गार आणि ताठ असेल तर थंडीमुळे, मिनिटभर थांबलं की भेगा बुजतात. गार नसून कोरडी भुसभुशीत असेल तर पाणी कमी पडलंय, ओल्या बोटांनी कड सावरून काम भागवावं. तीन मिलीमीटर जाडीची पोळी लाटून साच्यात अलगद बसवावी, ताणून दाबू नये. काठाबाहेर थोडं पीठ सोडावं, भाजल्यावर सुरीने कापता येतं. मग साचा वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. दुसरा विसावा हाच, आणि घाईत हाच बहुधा गाळला जातो.

तोवर ओटीजी 200 अंशांवर तापत असतो, एक ट्रे आत ठेवूनच. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो, तेव्हा आत ठेवायचा साधा थर्मामीटर उपयोगी पडतो. गोठलेल्या कवचात बेकिंगचा कागद घालून त्यावर राजमा किंवा हरभरे काठापर्यंत भरावेत, कारण वजन नसेल तर तळ फुगतो आणि भिंती आत पडतात. हे कडधान्य नंतर शिजवता येत नाही, पण पुढच्या वेळी पुन्हा वजनाला चालतं, म्हणून डब्यात नाव लिहून ठेवावं. तापलेल्या ट्रेवर साचा ठेवला की तळाला लगेच उष्णता मिळते आणि बटर ओघळण्याआधी मैदा घट्ट होऊ लागतो. अठरा-वीस मिनिटांनी भिंती फिकट पण ताठ दिसल्या की राजमा काढावा, आच 180 वर आणून आणखी बारा-पंधरा मिनिटं तळ सोनेरी होईपर्यंत भाजावं. साच्याखाली बटरचं तळं साचलं असेल तर कारण दोनांपैकी एक: कवच आत जाताना गार नव्हतं किंवा ओटीजी पुरेसा तापलेला नव्हता. दोन्हींत बटर वितळण्याचा वेग मैदा घट्ट होण्याच्या वेगाला मागे टाकतो. भिंती खाली बसल्या असतील तर विसावा कमी पडला. तळ कडक, एकसंध आणि गुळगुळीत असेल, बिस्किटासारखा, तर पाणी जास्त झालं किंवा बटर मळताना विरघळलं. तोडल्यावर बारीक आडवे पापुद्रे दिसले आणि तुकडा न वाकता मोडला, तर बरोबर.

खुबानी रात्रभर भिजवून, बिया काढून, साखर घालून इतकी आटवावी की पळीने ओढलेली रेघ क्षणभर टिकेल. बिया फोडून निघणाऱ्या गऱ्यांचे काप वर पेरावेत, जसे मीठ्यावर पेरतात. भरण पूर्ण गार करूनच गार कवचात घालावं, एकतरी गरम असेल तर तळ भिजतो. कवच आदल्या दिवशी करून हवाबंद डब्यात ठेवता येतं. कोरड्या मेमध्ये ते दोन-तीन दिवस कुरकुरीत राहतं, जुलैच्या दमट हवेत मात्र दुसऱ्याच दिवशी मऊ पडतं. तेव्हा भरण घालण्याआधी 150 अंशांवर आठ-दहा मिनिटं पुन्हा भाजून, गार करून वापरावं.